ऑडिओ सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट वाचताना: वेव्हफॉर्म, स्पेक्ट्रोग्राम आणि फ्रिक्वेन्सी प्लॉट कसे ओळखायचे

नागपुरात घरी बसून आवाज रेकॉर्ड करणारे आता बरेच झालेत. कुणी आजीच्या गोष्टी जपून ठेवतं, कुणी अंधांसाठी पुस्तकं वाचून देतं, कुणी पहाटे गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या बाजूला जाऊन पक्ष्यांचे आवाज टिपतं. या सगळ्यांकडून मला एकाच प्रकारचा निरोप येतो: सॉफ्टवेअरचा एक स्क्रीनशॉट आणि खाली, ‘यात ही घरघर दिसतेय का? कशी काढू?’ उत्तर द्यायला बसलं की आधी ठरवावं लागतं की समोर आहे ते चित्र नेमकं कोणतं. पाठवणाऱ्याने वेव्हफॉर्म पाठवलेला असतो आणि घरघर दिसते फ्रिक्वेन्सी प्लॉटमध्ये. किंवा स्पेक्ट्रोग्राम पाठवून तो विचारतो, ‘आवाज इतका खाली का आहे?’ त्याला वाटतं की चित्रात खाली म्हणजे आवाज कमी. प्रत्यक्षात त्या चित्रात खाली म्हणजे खर्ज, जाड स्वर.

खालचं सगळं ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर धरून लिहिलंय, कारण आपल्याकडे सुरुवात बहुतेकांची त्यावरच होते. मेनूतली नावं आवृत्तीप्रमाणे इकडेतिकडे सरकतात, पण चित्रं ओळखायची रीत सगळीकडे तीच राहते.

## काय हाताशी हवं

- पूर्ण स्क्रीनशॉट. डावीकडचे आणि वरचे-खालचे आकडे कापले गेलेले नसावेत. मोबाइलने मॉनिटरचा काढलेला फोटो शक्यतो नको, त्यात रंग बदलतात आणि आकडे फुटतात.
- स्क्रीनशॉट दुसऱ्याचा असेल तर त्याची मूळ ऑडिओ फाइलही मागून घ्या.
- ऑडॅसिटी टाकलेला कॉम्प्युटर.
- हेडफोन. कूलरची घरघर लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरवर ऐकूच येत नाही आणि माणूस विचारत बसतो की चित्रात दिसतंय ते आलं कुठून.

## १. चित्राकडे नंतर, कडेच्या आकड्यांकडे आधी

नव्या माणसाची नजर आधी रंगाकडे आणि आकाराकडे जाते. तिथेच घोळ होतो. रंग सेटिंगमधून बदलता येतात, आकार आवाजाप्रमाणे बदलतो. बदलत नाही ते एवढंच: आडव्या अक्षावर काय मोजलंय आणि उभ्या अक्षावर काय. म्हणून स्क्रीनशॉट आला की दोन प्रश्न याच क्रमाने विचारा.

पहिला प्रश्न, आडवा अक्ष वेळेचा आहे का? सेकंद, मिनिटं, `0:05`, `1:00` असं काही वरच्या पट्टीवर दिसतंय का? नसेल आणि त्याऐवजी `100Hz`, `1000Hz` असे आकडे डावीकडून उजवीकडे वाढत असतील, तर तो फ्रिक्वेन्सी प्लॉट. काम तिथेच संपलं.

वेळ असेल तर दुसरा प्रश्न, उभ्या अक्षावर काय आहे? मधोमध शून्य आणि वर-खाली `1.0` ते `-1.0` असेल तर वेव्हफॉर्म. खालून वर वाढत जाणारे `1k`, `2k`, `5k` असे आकडे असतील तर स्पेक्ट्रोग्राम. तिथला `k` म्हणजे किलोहर्ट्झ, हजार हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे आवाज सेकंदाला किती हेलकावे घेतो तो आकडा, म्हणजेच फ्रिक्वेन्सी; आकडा जितका मोठा तितका स्वर बारीक.

आवाज किती मोठा आहे, ही माहिती तिन्ही चित्रांत असते, पण जागा वेगळी. वेव्हफॉर्ममध्ये ती उंचीत असते, फ्रिक्वेन्सी प्लॉटमध्येही उंचीतच, आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये रंगात. स्पेक्ट्रोग्रामचे दोन्ही अक्ष वेळ आणि फ्रिक्वेन्सी यांनी अडवलेले असतात, म्हणून मोठेपणा दाखवायला रंगच उरतो. हे एकदा डोक्यात बसलं की तो रंगीबेरंगी चौकोन गूढ वाटत नाही.

## २. वेव्हफॉर्म

ऑडॅसिटीत फाइल उघडल्याबरोबर हेच दिसतं. मधली आडवी शून्याची रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना फुगणारी, आकसणारी निळी पट्टी. जवळून पाहिलं तर पट्टीत दोन छटा दिसतात: बाहेरची गडद आणि आतली फिकट. बाहेरची कड त्या क्षणाचं टोक सांगते, आतली फिकट पट्टी सरासरी जोर सांगते. वरची आणि खालची बाजू आरशातल्यासारखी तंतोतंत सारखी असेलच असं नाही. माणसाच्या बोलण्यात ती बरेचदा एका बाजूला जास्त झुकते, त्यात बिघाड काही नाही.

वेव्हफॉर्मवरून काय कळतं? आवाज कुठे सुरू झाला, कुठे थांबला, कुठे मोठा झाला, आणि टोकं `1.0` ला जाऊन कापली गेलीत का. काय कळत नाही? आवाज जाड की बारीक. कोकीळ आणि कुकरची शिट्टी लांबून पाहिलेल्या वेव्हफॉर्ममध्ये एकसारखे फुगवटे म्हणून दिसू शकतात.

याला एक अपवाद आहे आणि तो कामाचा आहे. खूप झूम केलं की पट्टीची जागा एक वळणदार रेघ घेते, आणखी झूम केलं की त्या रेघेवर एकेक नमुन्याचे ठिपके दिसू लागतात. अशा वेळी फ्रिक्वेन्सी मोजता येते. ०.१ सेकंदात रेघेने दहा पूर्ण हेलकावे घेतले तर सेकंदाला शंभर, म्हणजे १०० हर्ट्झ. शांत जागी, कुणी बोलत नसताना, फक्त कूलरचा आवाज असलेला तुकडा घेऊन हे नक्की करून बघा. स्क्रीनशॉटमध्ये अशी वळणदार रेघ दिसली तर तो फ्रिक्वेन्सी प्लॉट समजू नका. वरच्या पट्टीवर सेकंदाचे बारीक अपूर्णांक दिसत असतील तर तो झूम केलेला वेव्हफॉर्मच आहे.

## ३. स्पेक्ट्रोग्राम

ट्रॅकच्या नावाजवळच्या मेनूत `Spectrogram` निवडलं की निळ्या पट्टीच्या जागी पूर्ण चौकोन रंगाने भरतो. वेळ तशीच डावीकडून उजवीकडे धावते. मर्लिन ॲपवर पक्षी ओळखताना सरकत जाणारं चित्र ज्यांनी पाहिलंय, त्यांनी स्पेक्ट्रोग्राम आधीच पाहिलाय.

यात चार आकार ओळखता आले की निम्मं काम होतं.

आडवी सरळ रेघ म्हणजे एकाच उंचीवर सतत चालू असलेला स्वर: मोटरची घरघर, इन्व्हर्टरची पी-पी, तानपुऱ्याची तार.

उभी सरळ रेघ म्हणजे क्षणात संपलेला आवाज: टाळी, दाराचा धडाका, माइकला लागलेला हात. अशा झटक्यात जवळपास सगळ्याच फ्रिक्वेन्सी एकदम असतात, म्हणून ती खालपासून वरपर्यंत जाते.

तिरकी किंवा वळलेली रेघ म्हणजे चढणारा-उतरणारा स्वर. कोकिळेची हाक, बोलण्यातला प्रश्नाचा सूर, तानेतली मींड.

धुक्यासारखा पट्टा म्हणजे ठराविक स्वर नसलेला आवाज: वारा, पाण्याची सरसर, पंख्याची हवा. बोलण्यातला ‘स’ आणि ‘श’ही असाच दिसतो, चित्राच्या वरच्या भागात चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याहून वर पसरलेला छोटा ढग. ‘आ’ किंवा ‘ई’ म्हणताना मात्र खालच्या भागात एकावर एक समांतर रेघा येतात. मराठी वाक्य बोलून ‘सासूसासरे’सारखा शब्द स्पेक्ट्रोग्राममध्ये पाहा, ढग आणि रेघा आळीपाळीने येताना दिसतील.

आता एक गोष्ट जी नव्या माणसाला फार छळते. एकाच आवाजाचे दोन स्पेक्ट्रोग्राम एकमेकांपासून इतके वेगळे दिसू शकतात की ती एकच फाइल आहे यावर विश्वास बसत नाही. कारण `Spectrogram Settings` मधली `Window Size`. सॉफ्टवेअर आवाजाचे छोटे तुकडे करतं आणि एकेका तुकड्यात कोणती फ्रिक्वेन्सी किती ते मोजतं. तुकडा लहान घेतला तर वेळ नेमकी कळते, पण फ्रिक्वेन्सी पसरट होते. तुकडा मोठा घेतला तर फ्रिक्वेन्सी नेमकी, पण वेळ पसरट. दोन्ही एकदम नेमकं मिळत नाही. ही सॉफ्टवेअरची उणीव मुळीच नाही, मोजण्याच्या पद्धतीतच ते आहे.

आकड्यांत सांगायचं तर ४४,१०० हर्ट्झ सॅम्पल रेट असलेल्या, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेल्या फाइलमध्ये `1024` नमुन्यांची विंडो म्हणजे साधारण २३ मिलिसेकंदांचा तुकडा, आणि त्यात फ्रिक्वेन्सीच्या पायऱ्या सुमारे ४३ हर्ट्झच्या. ५० आणि १०० हर्ट्झच्या दोन रेघा तिथे एकमेकींत मिसळून जाड पट्टा होतो. `16384` घेतली तर तुकडा सुमारे ०.३७ सेकंदाचा आणि पायरी २.७ हर्ट्झची. घरघरीच्या रेघा केसाएवढ्या बारीक आणि सुट्या होतात, पण दाराचा धडाका आडवा फासलेला दिसतो. म्हणून कुणी स्पेक्ट्रोग्रामचा स्क्रीनशॉट पाठवला आणि त्यातलं बारीक काही वाचायचं असेल, तर विंडो किती होती हे विचारल्याशिवाय ठाम बोलू नये.

वरच्या टोकाकडेही एकदा पाहून घ्या. ४४,१०० च्या फाइलमध्ये त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे २२,०५० हर्ट्झच्या वर काही असूच शकत नाही. त्याच्याही बरंच खाली एखाद्या सरळ आडव्या सीमेवर सगळं एकदम काळं पडलं असेल, तर ती फाइल बहुधा कुठेतरी दाबून लहान केलेली आहे. कमी दर्जाच्या एमपी३ मध्ये आणि मेसेजिंग ॲपमधून आलेल्या क्लिपमध्ये अशी सीमा नेहमी दिसते. वेव्हफॉर्मवरून हे कधीच कळलं नसतं.

## ४. फ्रिक्वेन्सी प्लॉट

ट्रॅकचा हवा तो भाग निवडून `Analyze` मेनूतून `Plot Spectrum` दिलं की `Frequency Analysis` नावाची वेगळी खिडकी उघडते. जांभळ्या रंगाने भरलेला, डोंगररांगेसारखा एक आलेख. खाली हर्ट्झ, डावीकडे डेसिबल, तेही ऋण: वर शून्याच्या जवळ, खाली `-60`, `-80` असं काही. खिडकी वेगळी असणं हीच मोठी खूण आहे. वेव्हफॉर्म आणि स्पेक्ट्रोग्राम ट्रॅकच्या जागीच दिसतात, हा मात्र बाहेर येतो. खाली `Algorithm`, `Function`, `Size`, `Axis` अशा पेट्या असतात. स्क्रीनशॉटमध्ये त्यांतली एक जरी दिसली तरी शंका उरत नाही.

या चित्रात वेळ नाही. निवडलेल्या भागाची सगळी बेरीज करून सरासरी दिलेली असते, किराण्याच्या बिलासारखी: काय किती आलं ते कळतं, कोणत्या दिवशी किती वापरलं ते नाही. त्यामुळे ‘ही घरघर कोणत्या सेकंदाला सुरू झाली?’ हा प्रश्न या चित्राला विचारून उपयोग नाही.

पण ‘घरघर नेमकी किती हर्ट्झची?’ याचं उत्तर देण्यात याच्याइतकं पक्कं दुसरं चित्र नाही. माउस एखाद्या शिखराजवळ नेला की त्या जागेचा आकडा `Cursor` समोर दिसतो आणि जवळच्या शिखराचा आकडा `Peak` समोर, सोबत त्या उंचीचा स्वरही. १०० हर्ट्झच्या शिखरावर `100 Hz (G2)` असं दिसेल.

इथे `Axis` ची पेटी फार महत्त्वाची. ती `Linear frequency` वर असेल तर शून्यापासून २२ हजार हर्ट्झपर्यंत सगळ्यांना सारखी जागा मिळते. आठशे पिक्सेल रुंद आलेखात १०० हर्ट्झचं शिखर डाव्या कडेपासून चार पिक्सेलच्या आतच येतं, म्हणजे कडेच्या रेघेला चिकटून. कितीतरी जण याच कारणाने सांगतात की ‘प्लॉटमध्ये तर घरघर दिसत नाही.’ `Log frequency` केलं की खालचा भाग पसरतो आणि शिखरं सुटी होतात. स्पेक्ट्रोग्राममध्येही हेच होतं: उभा अक्ष वीस हजारांपर्यंत असेल तर शंभर हर्ट्झची रेघ तळाच्या एखाद-दोन पिक्सेलमध्ये गाडली जाते. कमाल फ्रिक्वेन्सी हजार-दोन हजारांवर आणली की ती वर येते.

## ५. एकच क्लिप, तिन्ही चित्रं

माझ्याकडची एक बारा सेकंदांची क्लिप घेऊ. मे महिन्याची दुपार, खोलीत कूलर चालू, खिडकीबाहेर कोकीळ. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करून रेकॉर्डिंग कर असं कुणाला सांगण्यात अर्थ नाही, म्हणून हाच नमुना घेतलाय. तिसऱ्या ते नवव्या सेकंदापर्यंत कोकीळ ओरडते, प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा थोडी चढी. साडेदहाव्या सेकंदाला स्वयंपाकघरात स्टीलचं भांडं पडतं.

वेव्हफॉर्ममध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्याभोवती एक बारीक सलग पट्टी, ती कूलरची. तिच्यावर तिसऱ्या सेकंदापासून सारख्या अंतराने फुगवटे, त्या कोकिळेच्या हाका. साडेदहावर एक सुळका, जवळजवळ `1.0` ला टेकलेला. हे चित्र पाहणारा म्हणेल की क्लिपमधली सगळ्यात मोठी अडचण भांड्याची आहे. हाका चढत गेल्यात हे इथे कळतच नाही. फुगवटे फक्त थोडे मोठे होत जातात, आणि तेही पक्षी जोर वाढवतो म्हणून.

स्पेक्ट्रोग्राममध्ये तळाशी १०० हर्ट्झवर एक ठळक आडवी रेघ, वर २०० वर दुसरी, फिकट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. मोटरच्या लोखंडावर चुंबकाचा ओढा प्रत्येक आवर्तनात दोनदा येतो, म्हणून मोटरची गुणगुण ५० च्या दुप्पट, १०० वर सगळ्यात जोरात बसते आणि तिच्या पटीत वर जाते. या रेघांच्या मागे सगळीकडे फिकट धुकं, ते हवेचं आणि खसवर पडणाऱ्या पाण्याचं. हजार हर्ट्झच्या आसपास कोकिळेच्या हाका: छोट्या, वर वळलेल्या रेघा, प्रत्येक पुढची आधीच्यापेक्षा थोडी उंच, जिन्यासारख्या चढत गेलेल्या. साडेदहावर खालपासून वरपर्यंत उभी रेघ आणि तिच्यामागे काही आडव्या, विरत जाणाऱ्या बारीक रेघा. भांडं पडल्यावर काही क्षण घुमतं, त्या त्याच्या रेघा.

फ्रिक्वेन्सी प्लॉटमध्ये पूर्ण बारा सेकंद निवडले तर डावीकडे १०० आणि २०० वर दोन टोकदार शिखरं, मग उजवीकडे उतरत जाणारा उतार, आणि हजारच्या पुढे-मागे एक रुंद टेकाड. कोकिळेच्या सगळ्या चढत्या हाका त्या एका टेकाडात मिसळल्या. म्हणून ते टोकदार नाही, पसरट आहे. भांड्याचा आवाज? शोधूनही हाती लागत नाही. क्षणभराचा तो आवाज बारा सेकंदांच्या सरासरीत आणि असंख्य फ्रिक्वेन्सींत वाटला गेला. वेव्हफॉर्ममध्ये सगळ्यात मोठा दिसणारा आवाज इथे जवळपास नाहीसा होतो.

आता यावरून करायचं काय? भांडं काढायचं तर वेव्हफॉर्म किंवा स्पेक्ट्रोग्राममध्ये वेळ पाहून तेवढा तुकडा कापायचा. घरघर काढायची तर प्लॉटमधले १०० आणि २०० हे आकडे उपयोगी. कोकीळ हजारच्या आसपास आहे आणि घरघर २०० पर्यंतच, म्हणजे दोघांत मोकळी जागा आहे. `High-Pass Filter` तीनशे हर्ट्झवर, `Roll-off` वाढवून लावला तर पक्ष्याला धक्का न लागता खालचं बरंचसं निघून जातं. धुकं मात्र राहतं, कारण ते कोकिळेच्या उंचीवरही पसरलंय.

हाच उपाय आजोबांच्या बोलण्यावर करू नका. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बरेचदा शंभर-दीडशे हर्ट्झच्या आसपास असतो. तीनशेवर कापलं की आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा पातळ होतो. तिथे कूलर दहा मिनिटं बंद ठेवून बोलणं हाच खरा उपाय.

## ६. जिथे हमखास फसायला होतं

डेसिबल दिसलं म्हणून प्लॉट समजणं. वेव्हफॉर्मचा उभा अक्षही डेसिबलमध्ये दाखवता येतो. मग बाजूला `1.0` च्या जागी `-6`, `-12` असे आकडे येतात आणि बारीक आवाजही फुगून दिसतो. आडवा अक्ष पाहा. सेकंद असतील तर तो वेव्हफॉर्मच.

ईक्यूची रेघ. `Filter Curve EQ` उघडलं की आडवा हर्ट्झ आणि उभा डेसिबल असा आलेख दिसतो, अगदी फ्रिक्वेन्सी प्लॉटसारखा. पण त्यात आवाजाचं मोजमाप नसतं. ती तुम्ही काढलेली रेघ असते, कुठे वाढवायचं आणि कुठे कमी करायचं याची आज्ञा. ओळखायची खूण: गुळगुळीत एकच रेघ, तिच्यावर ओढायचे ठिपके, आणि डेसिबलचा शून्य मधोमध असून वर धन आकडेही असतात. प्लॉटची कड दातेरी असते.

एका ट्रॅकमध्ये दोन चित्रं. `Multi-view` चालू असेल तर त्याच ट्रॅकमध्ये वेव्हफॉर्म आणि स्पेक्ट्रोग्राम एकावर एक येतात. स्टिरिओ फाइल असेल तर डावा-उजवा मिळून चार पट्ट्या होतात आणि माणूस गोंधळतो. प्रत्येक पट्टीचे डावीकडचे आकडे वेगवेगळे वाचा. वर-खाली दोन सारखेच वेव्हफॉर्म असतील तर ते डावं-उजवं चॅनल आहे, दुसरं काही नाही.

`Algorithm` बदललेला असणं. `Plot Spectrum` च्या खिडकीत `Spectrum` ऐवजी `Standard Autocorrelation` किंवा `Cepstrum` निवडलेलं असेल तर खालचा अक्ष फ्रिक्वेन्सीचा राहत नाही, तिथे सेकंदाचे अपूर्णांक येतात. असा स्क्रीनशॉट आला तर परत `Spectrum` वर करून पाठवायला सांगा.

रंगावरून आवाज मोजणं. ऑडॅसिटीच्या नेहमीच्या रंगसंगतीत उजळ म्हणजे मोठा आवाज. भाषेचा अभ्यास करणारे प्राट नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. तिथे स्पेक्ट्रोग्राम करडा असतो आणि गडद म्हणजे मोठा, बरोब्बर उलट. प्राटमध्ये वर वेव्हफॉर्म आणि खाली स्पेक्ट्रोग्राम अशी दोन्ही चित्रं एकाच खिडकीत येतात, आणि स्पेक्ट्रोग्रामवर निळी रेघ किंवा लाल ठिपके चढवलेले दिसतात. निळी रेघ स्वराच्या उंचीची असते. ती पाहून त्याला फ्रिक्वेन्सी प्लॉट म्हणू नका, तिच्याखालची वेळ तशीच चालू आहे. ऑडॅसिटीतही सेटिंगमध्ये करडा आणि उलटा करडा असे दोन पर्याय आहेत, म्हणून रंगावरून निष्कर्ष काढण्याआधी चित्रातली शांत जागा शोधा आणि तिचा रंग कोणता आहे ते पाहा.

## ७. कडा कापलेल्या स्क्रीनशॉटचं काय?

मोबाइलवर फिरून आलेल्या चित्रांत आकडे बरेचदा नसतात. अशा वेळी अंदाज बांधता येतो, पण तो अंदाज आहे हे समोरच्याला सांगून.

मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना फुगणारं, एकाच रंगाचं आणि मागची जागा रिकामी असलेलं चित्र वेव्हफॉर्म. पूर्ण चौकोन रंगांनी भरलेला, रिकामी जागाच नाही, तो स्पेक्ट्रोग्राम. एकाच बाजूला, तळावर बसलेला, बहुधा डावीकडे उंच आणि उजवीकडे उतरणारा आलेख म्हणजे फ्रिक्वेन्सी प्लॉट. आवाजाची ताकद सहसा खालच्या फ्रिक्वेन्सीत जास्त असते, म्हणून तो उतार येतो.

अडचण होते ती अर्ध्या कापलेल्या चित्रात. डेसिबलमधल्या वेव्हफॉर्मचा वरचा अर्धाच भाग स्क्रीनशॉटमध्ये आला तर तो तळावर बसलेल्या डोंगररांगेसारखा दिसतो. तिथे नजरेने ठरवू नका. पूर्ण चित्र मागवा, नाहीतर फाइल मागवा आणि स्वतः उघडा.

## ८. एकदा स्वतः तयार करून बघा

माहीत असलेल्या आवाजाची तिन्ही चित्रं स्वतः काढली की ओळख पक्की होते. ऑडॅसिटी रिकामं उघडा आणि `Generate` मेनूतून `Tone` निवडा: `Sine`, फ्रिक्वेन्सी १०००, दहा सेकंद. वेव्हफॉर्ममध्ये सपाट भरीव पट्टी येईल, झूम केल्यावर तिचे हेलकावे दिसतील. स्पेक्ट्रोग्राममध्ये हजारवर एक आडवी रेघ. प्लॉटमध्ये हजारवर एक सुळका.

मग नव्या ट्रॅकवर `Generate` मधून `Chirp` करा, सुरुवात ४४० आणि शेवट १३२० हर्ट्झ. स्पेक्ट्रोग्राममध्ये रेघ चढत जाईल. ती सरळ आहे की वळलेली, हे चढण्याची पद्धत आणि उभ्या अक्षाचं मोजमाप यांवर ठरतं. प्लॉटमध्ये सुळक्याऐवजी ४४० ते १३२० असा रुंद पठारासारखा भाग येईल. आणि वेव्हफॉर्ममध्ये? स्वर तिप्पट चढला तरी लांबून पाहिलं तर काहीच कळणार नाही, फक्त आवाज लहान-मोठा होत गेला तर पट्टी निमुळती होईल.

शेवटी `Noise` मधून `White` घ्या. स्पेक्ट्रोग्राम सगळीकडे सारखा भरेल आणि प्लॉट साधारण सपाट येईल. खोलीतल्या कूलरचं धुकं याच्याशी ताडून पाहा. ते सपाट नसतं, वरच्या टोकाकडे विरत जातं.

यानंतर कुणाला स्क्रीनशॉट पाठवायची वेळ आली तर ट्रॅक उभा ताणून मोठा करा, डावीकडचे आकडे आणि वरची वेळेची पट्टी दोन्ही दिसतील असं पाहा, स्पेक्ट्रोग्राम असेल तर `Window Size` आणि प्लॉट असेल तर `Size` आणि `Axis` काय होतं ते सोबत लिहा. कोणता भाग निवडून प्लॉट काढला तेही लिहा, ‘३ ते ९ सेकंद’ असं. तेवढ्यावर बघणाऱ्याला परत काही विचारावं लागत नाही.